वाढवले वीस, घटवले वीस

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे. आहे म्हणजे होता. जन्मापासून पुरता एक सेंटिमीटर मोठा. लग्नाआधी दुकानातून चप्पल घ्यायची म्हणजे माझी फजितीच असायची. डावीकडची बसली तर उजवीकडची टोचणार, उजवीकडची बसली तर डावीकडची चालताना टपटप वाजणार. आई म्हणायची, या पोरीला देवानं दोन बहिणींचे पाय एकेक करून दिलेत. मग लग्न झालं ते नेमकं बूट करणाऱ्याशी. नातेवाईक हसून हसून दमले.

आमचे हे म्हणजे साधे बूटवाले नव्हेत, हे आधी सांगते, नाहीतर त्यांना राग येईल. बिघडलेल्या पायांचे बूट करतात ते. कुणाचा पाय वाकडा, कुणाचं हाड वर आलेलं, कुणाचा घोटाच वळत नाही, अशांची हॉस्पिटलातून चिठ्ठी येते आणि आमच्या घराला लागून असलेल्या कारखान्यात बूट तयार होतो. कारखाना कसला, एक लांब खोली. एका भिंतीला खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला जाड पुठ्ठ्याचा एक पाय टांगलेला. तो नमुना. त्याच्यावर तळ कापायचा, त्याच्यावरून लाकडी साचा घासून घ्यायचा, कुठे गादी, कुठे पोकळी, कुठे नाडीचं भोक, सगळ्या खुणा त्यावरच. गावभर यांना मास्तर म्हणतात. मी मात्र कधी म्हटलं नाही. घरात कसले आलेत मास्तर.

कारखान्यात यांचा एक कायदा आहे. एका पायाला एक खिळा आणि एका खिळ्याला एकच नमुना. नवीन केला की जुना लगेच फाडायचा. कारण पूर्वी एकदा कुणाच्या जुन्या नमुन्यावरून चुकून बूट कापला गेला होता आणि त्या माणसाचे हाल कुत्रं खाईना असे झाले होते. तेव्हापासून हा कायदा, आणि कायदा चांगलाच आहे. मी तरी आजवर त्याला नावं ठेवली नव्हती.

माझ्या उजव्या पायाचा नमुना सव्वीस सेंटिमीटरचा, डाव्याचा पंचवीसचा. शेजारी शेजारी दोन खिळ्यांवर. भिंतीकडे पाहिलं की एक पाय दुसऱ्यापुढे निघाल्यासारखा दिसायचा.

पुढे मला साखरेचा आजार जडला आणि हळूहळू दोन्ही पाय बधिर झाले. बधिर म्हणजे काय ते ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही. पाय दिसतो, चालतो, पण त्याच्याकडून काही बातमी येत नाही. खडा रुतला तरी गप्प, काच गेली तरी गप्प. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, आणि पायात यांच्याच हातचे बूट घालायचे. मी घालत होते. मी काही अडाणी नाही.

तरी एकदा घोटाळा झाला. थंडीच्या दिवसांत शेकायला म्हणून टबात गरम पाणी घेतलं आणि उजवा पाय ठेवला. पाणी किती कढत आहे ते पाय सांगेल अशी आपली जन्मभराची सवय. त्यानं सांगितलं नाही. वर काढला तेव्हा घोट्यापासून खाली फोड. माझ्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, कपाळाला हात लावला. त्या आमच्याकडेच राहतात, आणि माझ्या प्रत्येक चुकीला हजर असतात.

पायाला भलं मोठं बँडेज बांधलं गेलं. त्यावर बसेल असा पुढून उघडा, ऐसपैस बूट पाहिजे होता. नवीन नमुना आखण्याऐवजी यांनी डोकं लढवलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझा उजवा नमुना नेला आणि सांगितलं, वीस टक्के मोठा करून दे. मोठ्या कागदावर पाय निघाला, एकतीस सेंटिमीटरच्या वर, सगळ्या खुणांसकट. हे इतके खूश झाले की काही विचारू नका. आयुष्यभर हातानं आखलेल्या माणसाला मशीननं भुरळ घातली. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, खिळ्यावर टांगला आणि कायद्याप्रमाणे जुना सव्वीसचा नमुना फाडून टाकला.

मी तिथेच होते. म्हटलं, "अहो, तो कशाला फाडताय? बँडेज सुटल्यावर लागेल की."

"लागला की पुन्हा वीस टक्के लहान करून आणायचा. दोन मिनिटांचं काम."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. कुणालाही पटेल. वीसनं वाढवलं, वीसनं घटवलं, म्हणजे होतो तिथे आलो.

बँडेज सुटलं, पाय भरून आला. हे मोठा नमुना घेऊन झेरॉक्सला गेले आणि लहान करून आले. मी विचारलं होतं, पाय एकदा कागदावर ठेवू का, माप घ्यायला? तर म्हणाले, पाय काय वाढत्या वयाचा आहे? आणि इतक्या वर्षांच्या खुणा आयत्या त्यावर आहेत, त्या परत कोण काढणार. मोठा नमुना फाडला, लहान टांगला. भिंतीवर आता माझे दोन पाय अगदी सारखे दिसत होते. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, रोज चहा द्यायला जायचे तेव्हा दिसायचं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही उजेड पडला नाही.

नवीन बूट झाले ते फार देखणे झाले. तपकिरी कातडं, आत मऊ अस्तर. वन्सं म्हणाल्या, वहिनी, आज पहिल्यांदा तुझे बूट जोडीनं दिसताहेत. हे मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, हात बसला की असं होतं. मी घातले, नाडी बांधली, घरभर फिरून दाखवलं. माझ्या पायानं तक्रार केली नाही. कशी करणार?

मग एकदा मोज्याला डाग दिसला. अंगठ्याच्या टोकाला. मोजा काढला तर नखाच्या पुढे कातडी सोलली होती, आतून ओलं. डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जखम साफ केली, बुटात हात घालून आतून सगळीकडे बोटं फिरवली. कुठे खिळा नाही, शिवण वर आलेली नाही. काम सुरेख आहे म्हणाल्या. घट्ट होतो का, असं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय कळणार. त्यावर हे जरा ताठच झाले. म्हणाले, "घट्ट कसा होईल? माप माझं आहे."

बाईंनी मान हलवली. इतक्या रोग्यांना यांच्याकडे पाठवलेलं, विश्वास होता. मग त्यांनी माझे साखरेचे आकडे पाहिले. ते थोडे वर होते. झालं, तिथून खटला माझ्यावर सुरू झाला.

घरी आल्यावर वन्संनी बिस्किटांचा डबा आपल्या खोलीत नेला. चहात साखर नाहीच, पण कपात बोट बुडवून चाखून बघायच्या. शेजारणीकडे गेले की परत आल्यावर विचारायच्या, काय दिलं तिनं खायला? मी कुणाच्या घरची चोर होते देव जाणे. हे तर बोलायचेच नाहीत, नुसते माझ्या ताटाकडे पाहायचे. मला ते बघणं जास्त झोंबायचं. मी तोंडाला कुलूप लावलं. जेवण निम्म्यावर आणलं. आकडे खाली आले. अंगठा मात्र बरा होईना. उलट लाल होत गेला, आणि मी दिवसभर, सकाळी उठल्यापासून, सांगितल्याप्रमाणे बूट घालून फिरत होते. अनवाणी फिरायचं नाही ना.

मागच्या दारी झाडांना पाणी घालताना घालायला मी माझे जुने बूट ठेवले होते. तळ झिजलेले, शिवण उसवलेली. एके सकाळी ते उन्हात ठेवले होते, आणि शेजारीच नवे बूट काढून मी पायावर मलम लावत होते. नजर गेली. डावे दोन्ही सारखे. उजव्यात मात्र फरक. जुना बोटाच्या जाडीइतका पुढे. मी नवा उचलून जुन्याच्या तळाला तळ लावून पाहिला. टाचेला टाच जुळवली की पुढे जुना बाहेर डोकावत होता.

तशीच लंगडत कारखान्यात गेले आणि दोन्ही बूट यांच्या पुढ्यात ठेवले. यांनी पाहिलं. कातडं कापायची रापी खाली ठेवली, चष्मा पुसला, परत पाहिलं. मग म्हणाले, जुनं कातडं वापरून वापरून सैल होतं, लांबतं. मी म्हटलं, तळ पण लांबतो का? तर म्हणाले, तू बूट कर आणि मी स्वयंपाक करतो. वर असंही म्हणाले की कातडं जरा कडक लागलं असेल, त्याच नमुन्यावर मऊ कातड्याचा नवा उजवा बूट करून देतो, मग बघ.

आणि मी ऐकलं. याचाच मला आजही संताप येतो. डोळ्यांनी दिसत होतं आणि मी ऐकलं, कारण गावभर ज्याला मास्तर म्हणतात त्याला माप काय मी शिकवणार? मऊ बूट झाला. त्याच नमुन्यावर. मऊ कातड्यानं एवढंच केलं की आतला अंगठा आणखी छान गच्च धरून ठेवला. पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं की जखम हाडापर्यंत पोचतेय. औषध देऊन बघू, अंगठा वाचवायचा प्रयत्न करू, पण त्याच्यावर कसलाही दाब पडता कामा नये. परत येताना रिक्षात हे म्हणाले, "मनावर ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती." गोडावरचा ताबा.

दुसऱ्या दिवशी वन्संना देवळात जाते असं सांगून झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानातली बाई ओळखीची, तोंडानं जरा फटकळ. मी विचारलं, आमच्या यांनी पायाचा कागद आणला होता, आठवतो का? म्हणाली, आठवतो ना, नुसता पाय, मला वाटलं करणीबिरणीचा प्रकार आहे की काय. मग काय केलंस, म्हटलं. तर म्हणाली, "मी काय करणार? आधी म्हणाले वीस वाढव, मी एकशेवीस दाबलं. नंतर म्हणाले वीस घटव, मी ऐंशी दाबलं. गिऱ्हाईक सांगतं ते दाबायचं, मला कुठे घालायचा होता तो बूट."

मी तिच्याकडून पट्टी घेतली आणि कोऱ्या कागदावर एक रेघ काढली. बरोबर दहा सेंटिमीटरची. म्हटलं, हिला वीस वाढव. कागद आला, मोजला, बारा. म्हटलं, आता हाच कागद घे आणि वीस घटव. आला. मोजला. पट्टी परत लावून मोजला. दहा नव्हते. साडेनऊच्या जरासं पुढे, नऊ पूर्णांक सहा.

बाई म्हणाली, मशीन बिघडलं वाटतं. मशीन कसलं बिघडलंय. मी तिथेच टेबलाला टेकून उभी राहिले आणि मला ते लख्ख दिसलं. वाढवताना वीस टक्के दहाचे घेतले होते, म्हणजे दोन. घटवताना वीस टक्के बाराचे घेतले, म्हणजे दोनच्या वर चार दशांश. जेवढं दिलं त्याहून जास्त काढून घेतलं. बाराचे परत दहा करायचे तर बाराचा सहावा भाग काढायला हवा होता, वीस टक्के नव्हे, सतराच्याही किंचित आत. माझ्या सव्वीसचे एकतीस झाले आणि एकतीसचे खाली येताना पंचवीस. सव्वीसवर ते थांबलेच नाहीत. माझ्या डाव्या पायाला गाठून मगच थांबले. म्हणून तर जोडी इतकी सुरेख दिसत होती.

घरी आले ती सरळ कारखान्यात. तिन्ही कागद टेबलावर मांडले, यांचीच पट्टी वर ठेवली. वन्संही मागोमाग आल्या. मी सांगितलं, शांतपणे सांगितलं, माझं मलाच नवल वाटलं.

यांनी कागदांना हात लावला नाही. म्हणाले, "वीस पायऱ्या चढलीस आणि वीस उतरलीस, तर कुठे पोचशील?"

"वरून उतरतानाची पायरीच मोठी असेल तर? मग तळघरात पोचेन."

"पायरी कशी मोठी होईल?"

"मोठ्या पायाचे वीस टक्के मोठे असतात म्हणून. मोजा ना. पट्टी तुमचीच आहे."

त्यांनी मोजलं. पहिली रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ. मग उठून खिळ्यावरचा माझा नमुना काढला आणि तोही मोजला. पंचवीसला केसभर कमी. मला वाटलं आता बोलतील. एक शब्द हवा होता मला. अंगठा जाईल की राहील ते औषध ठरवणार होतं, पण चूक माझ्या जिभेची नव्हती एवढं तरी या खोलीत कुणी म्हणावं. ताटाकडे बघत होतो ते चुकलं, एवढं म्हणावं. वन्संही दारात थांबल्या होत्या.

हे म्हणाले, "साखर तर वाढलेली होतीच ना."

आणि खाली बसून दुसऱ्या कुणाचा तरी तळ कापायला लागले.

मी स्वतःच माळ्यावरून बँडेजवेळचा तो मोठा बूट काढून घातला. जोकरासारखी फताडी चाल, पण अंगठा मोकळा होता. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी हात घालून पाहिला होता, पाय आत असताना पाहायला हवं होतं. परक्या बाईला तेवढं म्हणता आलं. पण हाडात गेलेलं औषधाला बधलं नाही. उजवा अंगठा मुळापासून काढला, आणि शेजारच्या बोटातही गेलं होतं म्हणून तेही काढलं.

भेटायला येणाऱ्यांना वन्संनी सांगितलं की साखर फार वाईट. लोकांनी माना डोलावल्या. मी पडल्या पडल्या ऐकत होते. हे कोपऱ्यात स्टुलावर बसलेले असायचे. त्यांनी वन्संना दुजोरा दिला नाही, पण खोडूनही काढलं नाही.

जखम भरली. टाके निघाले. चालायला परवानगी मिळाली त्या सकाळी मी पलंगावर बसले होते. हे कारखान्यातून आले, हातात तो मऊ कातड्याचा उजवा बूट. माझ्यासमोर जमिनीवर बसले. पाय मांडीवर घेतला, मोजा सरळ केला, रिकाम्या जागी मोज्याची घडी नीट आत दुमडली आणि बूट घातला. मग जे ते प्रत्येक रोग्याला करतात आणि मला कधी केलं नव्हतं, ते केलं. पाय आत असताना टोकाला दाबून चाचपलं. चहूबाजूंनी चाचपलं. पाय आता आखूड झाला होता. कुठे घट्ट नाही, कुठे ढिला नाही.

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. कामाचा आनंद असतो ना तसा, नकळत.

"बघ," ते म्हणाले, "बरोबर बसला."

मी त्यांच्या टकलाकडे बघत होते. इतक्या वर्षांत कधी न म्हटलेलं तोंडातून निघालं.

"बसणारच, मास्तर. नमुना तुमचा राहिला, पाय त्याच्या मापाचा करून घेतला."

त्यांनी मान वर केली नाही. नाडी ओढली, नेहमीसारखी दुहेरी गाठ मारली, आणि हात तसाच बुटावर ठेवून बसून राहिले. माझ्या पायाला तो हात कळत नव्हता.